स्थळसातत्य (जनरेटिव्ह चित्रनिर्मिती)

स्थळसातत्य म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने चित्रे किंवा चलचित्रे तयार करताना एकच खोली, रस्ता किंवा अंगण वेगवेगळ्या शॉटमध्ये तेच ठिकाण म्हणून ओळखू येईल असे राखणे होय. त्यासाठी प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये (प्रतिमा-प्रारूपाला दिलेल्या लेखी सूचनेत) तीन गोष्टी ठरवून लिहिल्या जातात: जागेची मांडणी, तिच्यातील ठळक वस्तू आणि प्रकाशाची दिशा. चित्रपटनिर्मितीतील सातत्याशी या संकल्पनेचे जवळचे नाते आहे. मात्र चित्रपटात सेट प्रत्यक्ष उभा असतो आणि दोन शॉटच्या मधल्या वेळेतही तो जागचा हलत नाही. येथे तो प्रत्येक चित्रासोबत नव्याने रचला जातो.

## सातत्य का बिघडते

२०२२ साली सार्वजनिकरीत्या उपलब्ध झालेल्या स्टेबल डिफ्युजनसारख्या प्रारूपांत चित्राची सुरुवात यादृच्छिक ठिपक्यांच्या गोंधळातून, म्हणजे नॉइजमधून होते. प्रॉम्प्टमधील शब्दांच्या आधारे हा गोंधळ टप्प्याटप्प्याने कमी केला जातो. स्वतंत्र प्रॉम्प्टने काढलेल्या चित्राला आधीच्या चित्राची स्मृती नसते. जे शब्दांत सांगितलेले नाही, ते प्रारूप प्रशिक्षणात पाहिलेल्या चित्रांच्या सवयीने भरून काढते. ‘शिंप्याचे दुकान’ एवढेच लिहिले, तर प्रत्येक वेळी एक संभाव्य दुकान मिळते, पण पूर्वीचे दुकान मिळत नाही.

सीड हा आरंभीचा नॉइज ठरवणारा आकडा आहे. तो कायम ठेवल्यास स्थळही कायम राहील, असा समज आढळतो. तो अर्धाच खरा आहे. प्रारूप, प्रॉम्प्ट, सीड आणि इतर सर्व मांडण्या त्याच असतील तर जवळजवळ तेच चित्र पुन्हा मिळते. परंतु कॅमेऱ्याची जागा बदलण्यासाठी प्रॉम्प्ट बदलला की सीडची ही हमी संपते.

## नकाशा आणि चौकट

या पद्धतीतील कळीची बाब अशी, की स्थळ नकाशात दिशांनी ठरवले जाते, पण प्रॉम्प्टमध्ये ते चौकटीच्या डाव्या-उजव्या बाजूंनी लिहावे लागते. ‘खिडकी दक्षिणेला आहे’ या वाक्याचा प्रारूपाला उपयोग होत नाही, कारण कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे याची त्याच्याकडे नोंद नसते. म्हणून निर्माता आधी कागदावर खोलीचा आराखडा काढतो आणि प्रत्येक शॉटसाठी त्याचे डावे-उजवे भाषांतर करतो. वर्णनाचा एकच परिच्छेद सर्व प्रॉम्प्टमध्ये जसाच्या तसा चिकटवणे ही नवशिक्यांची एक सामान्य चूक आहे. शब्द तेच राहतात आणि नेमकी त्यामुळेच खोली उलटी होते.

## उदाहरण: शिंप्याचे दुकान

दहा फूट बाय बारा फुटांचे एक दुकान घ्यावे. दार पूर्वेला असून त्यावर पुढे आलेला पत्रा आहे, त्यामुळे दारातून थेट ऊन आत येत नाही. दक्षिणेच्या भिंतीत तीन गजांची एकच खिडकी आहे आणि तिच्यालगत काळे, पायाने चालवायचे शिवणयंत्र आहे. शिंपी दाराकडे, म्हणजे पूर्वेकडे, तोंड करून बसतो. पश्चिमेच्या भिंतीवर कापडाच्या गठ्ठ्यांची लाकडी मांडणी आणि उत्तरेच्या भिंतीवर पांढऱ्या तबकडीचे गोल घड्याळ आहे. वेळ हिवाळ्यातील सकाळची आहे. सूर्य आग्नेयेला असल्याने ऊन खिडकीतून वायव्येच्या दिशेने तिरपे पडते.

पहिल्या शॉटमध्ये कॅमेरा दारात उभा राहून पश्चिमेकडे पाहतो. दक्षिण आता डावीकडे आली. प्रॉम्प्ट असा होतो: ‘समोरच्या भिंतीवर कापडाच्या गठ्ठ्यांची लाकडी मांडणी, डावीकडे तीन गजांची खिडकी व काळे शिवणयंत्र, उजवीकडील भिंतीवर पांढऱ्या तबकडीचे गोल घड्याळ, ऊन डावीकडून, किंचित कॅमेऱ्याच्या मागून, सावल्या उजवीकडे आणि मागच्या भिंतीकडे.’

दुसरा शॉट नेमका उलट आहे. कॅमेरा मांडणीपाशी जातो आणि दाराकडे पाहतो. मांडणी चौकटीबाहेर गेल्याने ती प्रॉम्प्टमधूनही काढली जाते. खिडकी व यंत्र उजवीकडे येतात, घड्याळ डावीकडे जाते आणि शिंप्याची पाठ दिसते. ऊन उजवीकडून, काहीसे समोरून येते. सावल्या डावीकडे व कॅमेऱ्याच्या दिशेने पडतात. येथे पहिल्या शॉटमधील ‘ऊन डावीकडून’ हे शब्द राहून गेले, तर प्रारूप बहुधा खिडकीच उचलून डावीकडे नेते, किंवा घड्याळाच्या भिंतीत दुसरी खिडकी काढते.

तिसऱ्या शॉटमध्ये कॅमेरा उत्तरेच्या भिंतीपासून खिडकीकडे पाहतो. शिंपी एका बाजूने दिसतो व त्याचे तोंड चौकटीच्या डावीकडे असते. प्रकाश त्याच्या पलीकडून, डाव्या अंगाने येतो. म्हणून कॅमेऱ्याकडील गाल सावलीत हवा. घड्याळाचा उल्लेख येथे पूर्णपणे टाळतात. ‘घड्याळ नको’ असे लिहिणेही धोक्याचे असते, कारण अनेक प्रारूपे नकार नीट न समजता उल्लेखलेली वस्तू काढून मोकळी होतात.

## वस्तूंची निवड

तीन ते पाच वस्तू सहसा पुरतात. रंग, द्रव्य, संख्या आणि जागा यांसह प्रत्येकीचे वर्णन एकदा ठरवले की दिशादर्शक शब्द वगळता ते बदलू नये. एका शॉटमध्ये ‘लाकडी मांडणी’ आणि दुसऱ्यात ‘कपाट’ लिहिल्यास वाचकाला फरक वाटत नाही, पण प्रारूपाला दारे असलेले कपाट सुचते. मजकूर असलेली पाटी ही कमकुवत खूण आहे, कारण तिच्यावरील अक्षरे शॉटगणिक बदलू शकतात. घड्याळही केवळ आकार म्हणूनच वापरावे. जाहिरातींतील घड्याळे प्रथेने दहा वाजून दहा मिनिटे दाखवतात, आणि अनेक प्रारूपांनी तीच वेळ उचलली आहे.

लांबीलाही मर्यादा आहे. स्टेबल डिफ्युजनच्या पहिल्या आवृत्त्यांतील मजकूर-संकेतक एका वेळी ७७ टोकन, म्हणजे शब्द व शब्दखंड, घेतो. त्यांतील दोन आरंभ आणि शेवट दर्शवण्यात खर्च होतात. त्यापुढील मजकूर काही साधने कापून टाकतात. त्यामुळे प्रकाशाची दिशा वर्णनाच्या शेवटी ठेवली, तर ती प्रारूपापर्यंत न पोहोचण्याची शक्यता असते.

## तपासणी

चित्रे एकेक करून पाहिल्यास चुका निसटतात. ती शेजारी शेजारी मांडून एकच उभी वस्तू, उदाहरणार्थ यंत्राचा पाय, सर्वांत शोधावी आणि तिची सावली आराखड्यावर काढून पाहावी. वरील उदाहरणात ती प्रत्येक वेळी वायव्येकडेच गेली पाहिजे. त्यानंतर खिडकीचे गज मोजावेत. चित्र आरशातल्यासारखे उलटे आले असेल, तर ते आडवे पालटून काम भागते. मात्र डावा-उजवा हात किंवा अक्षरे दिसत असतील तेव्हा हा उपाय चालत नाही.

## मर्यादा

केवळ शब्दांनी स्थळ ओळखीचे राहते, तंतोतंत राहत नाही. डावे-उजवे आणि संख्या यांबाबत प्रारूपे चुकतात, त्यामुळे योग्य प्रॉम्प्ट असूनही अनेक चित्रांतून एक निवडावे लागते. गजांमधील अंतर किंवा गठ्ठ्यांचा क्रम शब्दांत बांधता येत नाही. अशा वेळी आधीचे चित्र संदर्भ म्हणून दिले जाते. २०२३ मध्ये आलेल्या कंट्रोलनेटसारख्या पद्धतीत खोलीची खोली-प्रतिमा (कॅमेऱ्यापासूनचे अंतर करड्या छटांत दाखवणारे चित्र) प्रॉम्प्टसोबत देता येते. ब्लेंडरसारख्या त्रिमितीय आज्ञावलीत साध्या ठोकळ्यांचे दुकान रचून तिन्ही कॅमेऱ्यांतून अशा प्रतिमा काढल्या, तर मांडणीचा भार शब्दांवरून उतरतो. प्रकाशाची दिशा मात्र खोली-प्रतिमेत नसते. ती तरीही प्रत्येक शॉटसाठी स्वतंत्रपणे लिहावी लागते.