ऐंशीनंतरची देखभाल : आया, नर्स आणि वृद्धनिवासाच्या खर्चाचा हिशेब कसा मांडावा

आपल्या वस्त्यांमध्ये पहिल्यांदा पगाराची नोकरी मिळालेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. रेल्वे, टपाल, आयुध निर्माणी, शाळा, नगरपालिका इथून निवृत्त झालेले वडील, किंवा त्यांच्यामागे कुटुंब निवृत्तिवेतनावर राहणारी आई. आजारपणासाठी पैसे ठेवायचे हे आपण शिकलो. पण आजार बरा झाल्यावरही माणसाला रोज उठवणे, आंघोळ घालणे, भरवणे लागते. हे दोन-चार वर्षे चालते आणि त्याचा खर्च दवाखान्याच्या बिलात कुठेच दिसत नाही. या लेखात आम्ही फक्त त्याच खर्चाचा हिशेब मांडतो.

विमा इथे का चालत नाही

आरोग्य विमा उपचाराचा खर्च देतो, देखभालीचा नाही. विमा पॉलिसींच्या प्रमाणित अपवादांमध्येच हे लिहिलेले असते. आंघोळ, कपडे, चालणे अशा रोजच्या कामांसाठी घरी किंवा संस्थेत घेतलेली मदत भरपाईतून वगळलेली आहे. पॉलिसीत ‘घरी उपचार’ असे दिसले तरी त्याचा अर्थ वेगळा असतो. ज्या आजाराला एरवी भरती व्हावे लागले असते, त्याचा घरी घेतलेला वैद्यकीय उपचार एवढाच तो आहे.

सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेले आयुष्मान वय वंदना कार्ड जरूर काढा. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात होतात. केंद्र सरकारची सीजीएचएस सेवा घेणाऱ्यांना मात्र दोहोंतील एक निवडावी लागते. पण हे कार्डही रुग्णालयातील भरतीसाठी आहे. सुट्टी होऊन आई घरी आली की पुढची रात्र आपल्या खिशातून जाते.

आधी कामे मोजा, मग पैसे

वय किती किंवा आजार कोणता, यावरून देखभालीचा खर्च ठरत नाही. सहा कामे पाहा : आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतः जेवणे. यातील किती कामांना दुसऱ्याचा हात लागतो ते मोजायचे. एक-दोन कामांना लागत असेल तर सकाळची काही तासांची मावशी पुरते. तीन-चार कामांना लागत असेल तर बारा तासांची आया हवी. सहाही कामांना लागत असेल तर चोवीस तास माणूस हवा.

आया आणि नर्स यांतला फरकही इथेच समजून घ्यावा. नाकातली नळी, लघवीची नळी, इंजेक्शन, खोल जखमेची पट्टी ही प्रशिक्षित नर्सची कामे आहेत. बाकी सर्व चांगली आया करते. अनेक घरे घाबरून पहिल्या दिवसापासून चोवीस तास नर्स ठेवतात आणि सहा महिन्यांत पैसे संपवतात. रोजची आया आणि आठवड्यातून ठरावीक दिवशी पट्टी बदलायला येणारी नर्स, एवढ्यावर बहुतेक घरांचे भागते.

एक हिशेब

नागपुरातल्या एका आईचे उदाहरण घेऊ. वय ८२, पती आयुध निर्माणीतून निवृत्त होऊन वारलेले. खालील दर आम्ही हिशेबासाठी धरले आहेत. आपल्या भागातील दोन-तीन ब्यूरोंना विचारून ते बदलून घ्या.

मूळ कुटुंब निवृत्तिवेतन १०,००० रुपये. केंद्राच्या नियमाप्रमाणे वयाची ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ रकमेत २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. म्हणजे मूळ रक्कम १२,००० झाली. महागाई भत्ता सोपेपणासाठी ५० टक्के धरू, म्हणजे महिन्याला १८,००० रुपये. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १० लाख आहेत. ८.२ टक्के दराने वर्षाला ८२,००० व्याज येते, म्हणजे महिन्याला सुमारे ६,८००. एकूण उत्पन्न २४,८००.

पहिली दोन वर्षे फक्त आंघोळ आणि कपड्यांना मदत लागते. सकाळची मावशी ६,०००, औषधे ३,०००, जेवण आणि घरखर्चाचा वाटा ६,०००, असे १५,००० होतात. दरमहा ९,८०० उरतात. हे पैसे घरखर्चात मिसळू द्यायचे नाहीत. दोन वर्षांत ते सुमारे २ लाख ३६ हजार होतात.

तिसऱ्या वर्षी बारा तासांची आया १६,०००, रात्रीचे दोन डायपर २,१००, औषधे ४,०००, आईचे आणि आयाचे जेवण धरून ७,५००. एकूण २९,६००. तूट ४,८००. वर्षभरात साठ्यातून सुमारे ५८,००० जातात आणि १ लाख ७८ हजार उरतात.

पंच्याऐंशीला आई अंथरुणाला खिळते. चोवीस तासांचे माणूस २७,०००, रोजचे चार डायपर ४,२००, औषधे, फिजिओथेरपी आणि डॉक्टरांची घरभेट ६,०००, नर्सच्या महिन्यातील आठ फेऱ्या ४,०००, जेवण ८,०००. एकूण ४९,२००. निवृत्तिवेतन आता १९,५०० झाले, व्याज धरून उत्पन्न २६,३००. तूट महिन्याला सुमारे २२,९००. खर्च दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतो आणि सावधपणे उत्पन्न तेवढेच राहते असे धरले, तर तीन वर्षांची तूट सुमारे ९ लाख ६९ हजार होते. साठा वजा केला की ७ लाख ९१ हजार उरतात. तीन भावंडांत ३६ महिन्यांवर वाटले तर प्रत्येकी सुमारे ७,३०० रुपये.

आकडा मोठा आहे, पण आता त्याला हात लावता येतो. ‘आईचे कसे होणार’ हा प्रश्न ‘तिघांनी ७,३०० कधीपासून बाजूला ठेवायचे’ इथवर आला. आजपासून ठेवले तर रक्कम याहून कमी लागेल.

दोन गोष्टी या हिशेबातून हमखास सुटतात. पहिली, सुनेची किंवा मुलीची नोकरी. बारा तासांच्या आयाचे १६,००० वाचवायला ती १५,००० ची नोकरी सोडते, तेव्हा महिन्याला हजार वाचल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तिचा भविष्य निर्वाह निधी, सेवाकाळ आणि तिच्या स्वतःच्या म्हातारपणाची सोय गेलेली असते. घरात राहून सेवा करणाऱ्याचा वाटा पैशात मोजा आणि बाकीच्या भावंडांच्या वाट्यात तो धरा. दुसरी गोष्ट, आयाची रजा. आया सुट्टीवर गेली की बदली माणूस किती वेळात येईल, त्याचा दर काय आणि ब्यूरोचे नोंदणी शुल्क परत लागेल का, हे आधीच लिहून घ्या.

खर्च कमी करताना कुठे थांबायचे, याची खूण अंगावर दिसते. माकडहाड, टाच, खुबा इथली त्वचा लाल झाली आणि बोटाने दाबूनही लाली जात नसेल, तर ती शय्याव्रणाची सुरुवात आहे. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायला माणूस कमी पडतो आहे, असा त्याचा अर्थ. हवेची गादी मदत करते, पण कूस बदलणे टळत नाही. इथे वाचवलेले पैसे पुढे जखमेच्या उपचारात कितीतरी पटीने जातात.

वृद्धनिवासाचा पर्याय

पुष्कळ वृद्धाश्रम स्वतःची कामे स्वतः करणाऱ्यांनाच घेतात. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी देखभाल देणारे निवास वेगळे आणि महाग असतात. समजा तिथे महिन्याला ३५,००० आणि २ लाख अनामत आहे. डायपर आणि औषधे बहुधा वेगळी, म्हणजे आपल्या उदाहरणात ४५,२००. घरच्या खर्चापेक्षा फार कमी नाही. निवास खरा परवडतो तो आई एकटी राहत असेल आणि तिचे घर भाड्याने देता येत असेल तेव्हा, किंवा घरात रात्री उठणारे कोणीच नसेल तेव्हा.

पैसे भरण्यापूर्वी करारात चार गोष्टी पाहा : प्रकृती खालावली तर ठेवून घेतात की परत पाठवतात, दरवर्षी शुल्क किती वाढते, रुग्णालयात असतानाच्या दिवसांचे पैसे लागतात का, अनामत कधी आणि किती कापून परत मिळते. रात्री किती रहिवाशांमागे एक माणूस असते, हे रात्री जाऊनच पाहावे.

पैसे आहेत, पण काढता येत नाहीत

अनेक घरे इथेच अडतात. मुखत्यारपत्र केले आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण आईची समज गेली, उदाहरणार्थ स्मृतिभ्रंशाने, तर कायद्याने ते मुखत्यारपत्र संपते. म्हणून समज शाबूत असतानाच बचतीची खाती ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशा संयुक्त पद्धतीची करा आणि नामनिर्देशन तपासा. केवळ नामनिर्देशन असून आई हयात असताना पैसे काढता येत नाहीत.

निवृत्तिवेतनाच्या खात्यासाठी रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे. सही करता येत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा अधिकारी. तोही ठसा शक्य नसेल तर खूण चालते. शाखेत कोणी ‘आईंना घेऊन या’ म्हणाले तर हा नियम लेखी अर्जात नमूद करा. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो आणि ऐंशीवरील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो.

ऐंशीची वाढ अनेक विधवांना मिळतच नाही, कारण निवृत्तिवेतन आदेशात पतीची जन्मतारीख असते, पत्नीची नसते. आजच तो आदेश काढून पाहा. तारीख नसेल तर वयाचा पुरावा जोडून बँकेत अर्ज द्या आणि थकबाकीही मागा. राज्य शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांनी त्यांना लागू असलेला तक्ता कोषागारातून घ्यावा.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, पण एका खात्यातून थोडे थोडे पैसे काढता येत नाहीत. म्हणून १० लाखांचे एक खाते करण्याऐवजी दोन-दोन लाखांची पाच खाती करा. गरज पडली तर एकच मोडावे लागेल. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत मोडल्यास दीड टक्का, त्यानंतर एक टक्का कापला जातो.

घर कोणाच्या नावावर

‘सेवा करतो, घर माझ्या नावावर कर’ ही मागणी याच काळात येते. घर द्यायचेच असेल तर देखभाल करण्याची अट बक्षीसपत्रातच लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, अट मोडली तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणातून ते रद्द करून घेता येते. अट लिहिलेली नसेल तर आईला झगडावे लागते. याच न्यायाधिकरणाकडे मुलांकडून निर्वाह खर्चही मागता येतो, पण मूळ कायद्यात त्याची मर्यादा महिन्याला १०,००० आहे. वरच्या हिशेबातील तूट त्यातून भरत नाही.

वारसाहक्कात हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे, त्यामुळे मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. म्हणून खर्चाच्या बैठकीत बहिणीला पहिल्या दिवसापासून बसवा. हिशेबाच्या कागदावर उत्पन्न, आजचा टप्पा, पुढच्या टप्प्याची तूट आणि प्रत्येकाचा वाटा लिहा, आईला वाचून दाखवा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. सहा कामांपैकी आणखी एकाला हात लागू लागला की कागद पुन्हा काढा.