थांबण्याचे अंतर : जादा भार आणि झिजलेले टायर (धार-देवास)

थांबण्याचे अंतर म्हणजे समोरचा अडथळा दिसल्यापासून वाहन पूर्ण थांबेपर्यंत रस्त्यावर कापले जाणारे अंतर. त्याचे दोन भाग पडतात. चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत आणि ब्रेक प्रत्यक्ष चाकाला धरेपर्यंत वाहन पूर्वीच्याच वेगाने धावत असते, हा पहिला भाग. ब्रेक धरल्यानंतर वेग शून्यावर येईपर्यंतचा दुसरा. या नोंदीत मुख्यतः दुसऱ्या भागाचा विचार केला आहे, कारण भार आणि टायर यांचा परिणाम तिथेच होतो. उदाहरणे धार आणि देवास या माळव्यातील जिल्ह्यांची आहेत. पवारांच्या या जुन्या संस्थानांतून आज राष्ट्रीय महामार्ग ५२ जातो आणि तोच पुढे धुळे, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर असा महाराष्ट्रात उतरतो.

ब्रेक लागल्यावरचे अंतर d = v² / 2a या सूत्राने मिळते. यात v हा मीटर प्रति सेकंदातील वेग आणि a म्हणजे दर सेकंदाला वेग किती घटतो ते प्रमाण, म्हणजेच मंदन. वेगाचा वर्ग असल्यामुळे वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होते. वजन मात्र या सूत्रात कुठेच नाही, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. गाडी जड तर तिला थांबवणे अवघड हे खरे. पण जड गाडी रस्त्यावर दाबही जास्त देते, त्यामुळे टायर आणि रस्ता यांमधील घर्षणही त्याच प्रमाणात वाढते. चाकांवर रस्त्याची पकड हीच एकमेव मर्यादा असती, तर भरलेला आणि रिकामा ट्रक जवळपास सारख्याच अंतरात थांबले असते.

तसे होत नाही, कारण मर्यादा दोन आहेत. एक रस्त्याची : टायरला जितकी पकड मिळते त्यापेक्षा जास्त जोराने कोणतेही वाहन थांबू शकत नाही. दुसरी ब्रेकची : ड्रम, लायनर आणि हवेचा दाब मिळून चाकाला जास्तीत जास्त किती जोराने धरू शकतात ती. प्रत्यक्ष मंदन या दोहोंपैकी जी मर्यादा कमी तिच्यावर ठरते. जादा माल ब्रेकची मर्यादा खाली आणतो, झिजलेला टायर ओल्या रस्त्याची.

आधी भार पाहू. दोन आसांच्या ट्रकला मालासकट परवानगी असलेले एकूण वजन २०१८मध्ये १६.२ टनांवरून १८.५ टन करण्यात आले. असा एक ट्रक पूर्ण भरलेला असताना दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी करू शकतो, असे धरू. त्याचा वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. ब्रेक धरल्यावर तो सुमारे २८ मीटरांत थांबेल. आता त्याच ट्रकमध्ये साडेसहा टन जास्त माल टाकून एकूण वजन २५ टन केले. ब्रेक तेच, त्यांचा जास्तीत जास्त जोरही तोच, पण तो जास्त वस्तुमानावर वाटला जातो. मंदन ५ वरून ३.७ वर येते आणि अंतर सुमारे ३७.५ मीटर होते. त्यात चालकाची प्रतिक्रिया आणि हवेच्या ब्रेकला नळ्यांमधून दाब पोचायला लागणारा वेळ मिळून दीड सेकंद धरला, तर आणखी २५ मीटर जातात. म्हणजे ५३ मीटरांच्या जागी सुमारे ६२.५ मीटर. फरक साधारण साडेनऊ मीटरांचा, आणि तोही सपाट, कोरड्या रस्त्यावर, ब्रेक थंड असताना.

याच हिशेबाची उलट बाजूही लक्षात ठेवावी. ट्रक रिकामा असला की ब्रेकची ताकद रस्त्याच्या पकडीपेक्षा जास्त ठरते, मागची चाके चटकन जाम होतात आणि ट्रक घसरतो. चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आणि भार पाहून मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह यासाठीच असतात. रिकामा ट्रक आपोआप सुरक्षित, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

भाराचा खरा दुष्परिणाम पाहायचा तर देवासच्या मंडीकडे सोयाबीन किंवा गहू घेऊन निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली घ्यावी. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतातच. ब्रेक असतो तो ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. समजा ट्रॅक्टर २ टनांचा आहे आणि त्यातले १.३ टन वजन मागच्या चाकांवर आहे. कोरड्या डांबरावर त्या चाकांना त्यांच्यावरील वजनाच्या सुमारे ६० टक्के पकड मिळते. ट्रॅक्टर एकटाच असेल तर ताशी २५ किलोमीटरवरून तो साधारण ६ मीटरांत थांबतो. त्याच्यामागे चार चाकांची, मालासकट ८ टनांची ट्रॉली जोडली, तर थांबवायचे वस्तुमान १० टन झाले. पण ब्रेकच्या चाकांवर वजन होते तेवढेच राहिले. अंतर सुमारे ३१.५ मीटरांवर जाते, म्हणजे पाचपट. वेग सायकलस्वारालाही गाठता येण्याजोगा असूनही! वाढलेले वजन ब्रेक नसलेल्या चाकांवर पडले, म्हणून घर्षण वाढले नाही. वर सांगितलेला सारखेपणाचा नियम इथे मोडतो. शिवाय मागून ढकलणारी ट्रॉली तिरकी होऊन ट्रॅक्टरला आडवे पाडू शकते. दोनचाकी ट्रॉलीचे थोडे वजन जोडणीवरून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येते, त्यामुळे तिची स्थिती थोडी बरी असते, थोडीच.

तिसरी गोष्ट उष्णतेची, आणि तिचे ठिकाण धार जिल्ह्यातील गणेश घाट. इंदूरकडून येणारा महामार्ग मानपूरनंतर माळव्याचे पठार सोडून नर्मदेच्या दरीत, खलघाटच्या दिशेने उतरतो. या उतारावर ब्रेक निकामी झालेले ट्रक पुढच्या वाहनांवर आदळण्याचे अपघात वर्षानुवर्षे होत आले. सपाटीवर ब्रेकला फक्त गतीची ऊर्जा जिरवावी लागते. उतारावर उंची गमावताना सुटणारी ऊर्जाही त्यात पडते. १८.५ टनांचा ट्रक ६०च्या वेगावरून एकदा थांबला की सुमारे २६ लाख जूल उष्णता तयार होते. तोच ट्रक एकसारख्या वेगाने १०० मीटर उंची उतरला आणि सगळे काम ब्रेकवरच सोडले, तर १ कोटी ८० लाख जूल, म्हणजे लागोपाठ सात वेळा थांबण्याइतकी. एवढ्या उष्णतेत ५०-६० लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीला येईल. २५ टनांच्या ट्रकला तिच्या एकतृतीयांशाहून जास्त भर पडते. आणि पठारापासून नर्मदेपर्यंतची उंची १०० मीटरांच्या कितीतरी पट आहे.

तापल्यावर दोन गोष्टी होतात. लायनरचे घर्षण कमी होते, आणि लोखंडी ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरकतो. ब्रेक चेंबरच्या दांड्याची चाल ठरावीक असते. ड्रम रुंदावला की ती चाल लायनर ड्रमला टेकवण्यातच संपते आणि दाबायला काही उरत नाही. चालकाला आधी जळल्याचा वास येतो, चाकांतून धूर दिसतो, मग त्याच ब्रेकला गाडी कमी धरू लागते. हवेच्या दाबाचा काटा मात्र ठीक दाखवत राहतो, त्यामुळे काट्यावर विसंबलेला चालक फसतो. शिवाय उतार स्वतःच मंदन खातो : १०० मीटरांना ५ मीटर उतार असेल तर वरच्या उदाहरणातील ३.७चे मंदन ३.२ वर येते आणि ब्रेक थंड असतानाही ३७.५ मीटरांचे ४३ मीटर होतात.

उपाय उताराच्या माथ्यावरच करावा लागतो. खालचा गिअर टाकून इंजिनाला गाडी रोखू द्यायची, एक्झॉस्ट ब्रेक असल्यास लावायचा आणि ब्रेक अधूनमधून, पण नीट दाबून वापरायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची सवय इथे सर्वांत महागात पडते, कारण इंजिनाचा वाटा शून्य होऊन सगळी उष्णता ड्रममध्ये जाते. वेग हाताबाहेर गेल्यावर खालचा गिअर बहुधा पडतही नाही. रस्त्याच्या बाजूने २०२४च्या अखेरीस सुमारे ८.८ किलोमीटरचा, कमी उताराचा नवा मार्ग इथे खुला करण्यात आला.

आता टायर. गुळगुळीत झालेला टायर कोरड्या, स्वच्छ डांबरावर नव्यापेक्षा वाईट थांबतोच असे नाही. नक्षी झिजली की रबराचा रस्त्याला टेकणारा भाग उलट वाढतो. शर्यतीच्या गाड्यांना कोरड्या दिवशी बिननक्षीचेच टायर लावतात. त्यामुळे उन्हाळाभर चालकाला काहीच वावगे जाणवत नाही आणि टायर अजून चालेल असे वाटत राहते. टायरवरच्या खाचा पाण्यासाठी असतात. चाक पुढे जाताना समोरचे पाणी त्यांतून बाजूला काढले जाते आणि रबर डांबराला टेकते. खाचा उथळ झाल्या की पाणी वेळेत निघत नाही.

ओल्या रस्त्यावर नव्या टायरच्या मोटारीला वजनाच्या ६० टक्के आणि झिजलेल्या टायरच्या मोटारीला ४० टक्के पकड मिळते, असे धरू. दोघींचा वेग ताशी ८० किलोमीटर. पहिली ४२ मीटरांत थांबते, दुसरीला ६३ मीटर लागतात. पण नुसत्या २१ मीटरांवरून अंदाज येत नाही. पहिली मोटार जिथे उभी राहिली, त्या जागेवरून दुसरी अजून ताशी सुमारे ४६ किलोमीटर वेगाने पुढे जात असते.

पाणी जास्त साचले आणि वेगही जास्त असला, तर टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक, स्टिअरिंग दोन्ही व्यर्थ होतात. अमेरिकेच्या नासा संस्थेतील वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३मध्ये विमानांच्या टायरसाठी मांडलेल्या सूत्रानुसार हा वेग टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. खाचा निकामी झालेल्या, ३२ पौंड दाबाच्या टायरला तो ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो, २० पौंडांना ७५च्या. भरलेल्या ट्रकच्या टायरमध्ये दाब बराच जास्त असल्याने तो सहसा तरंगत नाही. त्याचा धोका पकड घटण्याचा असतो. माळव्यात त्यात काळ्या मातीची भर पडते. शेतातून निघालेल्या चाकांबरोबर ती महामार्गावर येते आणि पहिल्या पावसात तिचा लेप डांबरावर बसतो. तिथे नवी नक्षीही फारशी कामाला येत नाही.

दोन्ही दोष एकत्र आले तर? ट्रकच्या झिजलेल्या टायरला ओल्या रस्त्यावर ३० टक्केच पकड मिळाली, तर ६०च्या वेगावर अंतर सुमारे ४७ मीटर होते, मग ट्रक १८.५ टनांचा असो वा २५ टनांचा. रस्त्याची मर्यादा ब्रेकच्या मर्यादेखाली गेली की माल उतरवूनही ब्रेकचे अंतर सुधारत नाही. तो टायर बदलावाच लागतो. जादा माल मात्र त्या टायरला तापवून आणखी लवकर झिजवत राहतो.

मोटारी आणि ट्रक यांच्यासाठी नियमाने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते. टायरच्या खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. ते आणि नक्षी एका पातळीत दिसले की मर्यादा गाठली गेली. नक्षी फक्त दोन्ही कडांना झिजली असेल तर हवा कमी होती, मधोमध झिजली असेल तर जास्त. भाराची खात्री वजनकाट्याच्या पावतीवरूनच होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४खाली, २०१९च्या दुरुस्तीनंतर, जादा भाराला २० हजार रुपये आणि वर दर जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे. वरच्या २५ टनांच्या ट्रकमधला साडेसहा टन जादा मालही त्याच ठिकाणी उतरवून घेण्याची तरतूद त्या कलमात आहे.