अल्बममधले जुने रंगीत फोटो लालसर-पिवळे का पडतात आणि त्यांचा मूळ रंग परत कसा आणायचा?

घरातला लग्नाचा अल्बम काढला की पहिली पाच-दहा पानं बघून कुणीतरी म्हणतंच, "अरे, सगळेच लाल दिसतायत!" नवरदेव लाल, भटजी लाल, मागची भिंतही गुलाबी. मग कुणीतरी फोनवरून त्या पानाचा फोटो काढतं, त्यावर एखादं फिल्टर मारतं आणि फॅमिली ग्रुपवर टाकतं. फिल्टरने लाली जाते, पण चेहरे राखेसारखे होतात आणि नवरीची पिवळी अष्टपुत्री पांढरट होऊन बसते.

हे का होतं ते एकदा कळलं की दुरुस्ती सोपी आहे. पैसेही लागत नाहीत.

मुळात रंग गेला कुठे?

रंगीत प्रिंटमध्ये रंगाचे तीन थर एकावर एक असतात: पिवळा, मॅजेंटा म्हणजे किरमिजी-गुलाबी, आणि सायन म्हणजे हिरवट निळा. या तिघांच्या कमी-जास्त मिश्रणातून फोटोतले सगळे रंग तयार होतात. तिन्ही भरपूर असले की काळा, तिन्ही नसले की कागदाचा पांढरा.

१९७० च्या दशकात आणि ८० च्या सुरुवातीला वापरल्या गेलेल्या बऱ्याच कागदांवरचा सायन रंग कच्चा होता. गंमत म्हणजे त्याला उजेडाचीही गरज नव्हती. अल्बम कपाटात बंद असला तरी उष्णतेने आणि दमटपणाने तो आपोआप विरत जायचा. सायन गेला की उरले मॅजेंटा आणि पिवळा, आणि या दोघांची बेरीज लाल. म्हणजे फोटोवर लाल रंग चढलेला नसतो, निळा-हिरवा उतरलेला असतो. १९८४ मध्ये कोनिका कंपनीने "शंभर वर्षं टिकणारी प्रिंट" असा गाजावाजा करत नवा कागद आणला, इतरांचेही कागद सुधारत गेले. त्यामुळे एकाच घरात १९७८ चं लग्न लालभडक आणि १९९२ ची मुंज जवळजवळ जशीच्या तशी, असं दिसतं.

पिवळेपणा ही वेगळी भानगड. प्रिंट धुताना रंग तयार करणारं जे रसायन वापरलं न जाता कागदात शिल्लक राहतं, ते वर्षानुवर्षांत स्वतःच पिवळं पडतं. म्हणून फोटोची पांढरी किनार आणि धोतराचा पांढरा भाग चहाचा डाग पडल्यासारखा दिसतो.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. जिथे सायन मुळात जास्त होता, म्हणजे केस, काळा कोट, सावल्या, तिथेच तो सर्वात जास्त कमी झालेला असतो. म्हणून लाली गडद भागात बसते. पिवळेपणा मात्र पांढऱ्या भागात सर्वात ठळक दिसतो. एकाच फोटोत गडद भागाचा आजार वेगळा आणि उजळ भागाचा वेगळा! पूर्ण फोटोवर एकसारखा निळा किंवा हिरवा ओतणारं फिल्टर म्हणूनच हरतं. सावलीतली लाली काढायला जावं तर धोतर निळं होतं.

(भिंतीवर फ्रेममध्ये उन्हात लटकलेल्या फोटोंचं गणित थोडं निराळं असतं. उजेडात बहुतेक वेळा मॅजेंटा आधी उडतो. इथे आपण अल्बमबद्दलच बोलतोय.)

आधी स्कॅन, तेही कच्चं

प्रिंटवर कुठलंही रसायन लावून गेलेला रंग परत येत नाही. त्यामुळे दुरुस्ती होते ती कॉपीची. मूळ प्रिंटला हात लावायचा नाही. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओरबाडूनही काढू नका. निघत नसेल तर अख्खं पान स्कॅनरवर ठेवा. आणि निगेटिव्हचं पाकीट अल्बमच्या मागच्या कप्प्यात आहे का ते आधी बघा. बऱ्याचदा त्यात प्रिंटपेक्षा जास्त रंग शिल्लक असतो.

स्कॅन ६०० डीपीआयला, ४८ बिट रंगात आणि TIFF फाइलमध्ये करा. स्कॅनरची आपोआप रंग सुधारणारी सोय बंद ठेवा. ४८ बिट कशासाठी? उरलेल्या थोड्याशा सायनला आपण पुढे खूप ताणणार आहोत. फोनच्या साध्या जेपीजीमध्ये ते ताणलं की आकाशात आणि गालांवर पट्टे दिसायला लागतात. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ सावलीत, फ्लॅश न लावता, फोन फोटोला अगदी समांतर धरून फोटो काढा. ग्रुपवर टाकण्यापुरतं ते पुरतं.

एका लग्नाच्या फोटोची दुरुस्ती

माझ्या मावशीच्या १९७९ च्या लग्नातला एक फोटो घेऊ. अंतरपाट नुकताच खाली आलाय, नवरी पिवळ्या अष्टपुत्रीत, हातात चुडा, मागे स्टीलचा हंडा आणि उभे असलेले मामा. काम केलं GIMP या मोफत सॉफ्टवेअरमध्ये.

सगळ्यात आधी अल्बमचं पान आणि फोटोची किनार कापून टाकली. मग Color Picker घेतला, त्यात Sample average चालू केलं, आणि मुळात पांढरी आणि मुळात काळी असणारच अशी एकेक जागा शोधली. पांढरी म्हणजे अंतरपाट. काळी म्हणजे नवरदेवाचे कानामागचे केस.

अंतरपाटावर आकडे आले: लाल २३६, हिरवा २२४, निळा १८४. पांढऱ्यात तिन्ही जवळपास सारखे हवेत, पण निळा फारच खाली. हाच तो पिवळा डाग. केसांवर आले: लाल ९२, हिरवा ३८, निळा ३४. इथे लाल भलताच वर. हाच उडालेला सायन. (सायन रंग लाल प्रकाश शोषतो, म्हणून तो कमी झाला की लालचा आकडा वाढतो.)

मग Colors → Levels उघडून Channel मध्ये Red, Green, Blue एकेक करून निवडले. प्रत्येकात डावीकडचा काळा बाण केसांच्या आकड्याच्या १२ खाली आणि उजवीकडचा पांढरा बाण अंतरपाटाच्या आकड्याच्या १० वर आणला. म्हणजे लालमध्ये ८० आणि २४६, हिरव्यात २६ आणि २३४, निळ्यात २२ आणि १९४. (फाइल जास्त बिटची असेल तर GIMP हे आकडे ० ते १०० मध्ये दाखवू शकतं, तेव्हा प्रत्येक आकड्याला २.५५ ने भागा.) बाण अगदी त्या आकड्यांवरच का नाही आणले? कारण केस काही डांबर नसतात आणि अंतरपाट काही ट्यूबलाइट नसतो. थोडी जागा ठेवली नाही तर केसांच्या बटा आणि कापडाच्या चुण्या नाहीशा होतात.

एवढ्यानेच अंतरपाट तिन्ही रंगांत २४० च्या आसपास आला आणि केस १५ ते १८ वर. लाल पडदा ओढून बाजूला केल्यासारखा फोटो मोकळा झाला.

पण काळा आणि पांढरा बरोबर आले म्हणजे मधले रंग बरोबर येतातच असं नाही. त्यासाठी तिसरी खूण लागते, मूळची करडी. इथे हंडा कामी आला. त्याच्या सावलीकडच्या बाजूला लाल १५०, हिरवा १३८, निळा १३२ होते, म्हणजे अजून थोडी ऊब शिल्लक होती. Levels मधला मधला बाण लालमध्ये १ वरून ०.८६ वर आणि निळ्यात १.०७ वर नेल्यावर तिन्ही १३८ च्या जवळ आले. केसांमध्ये अगदी किंचित निळी छटा आली, ती तशीच ठेवली.

फोनवर करायचं असेल तर Snapseed मधल्या Curves मध्ये हेच होतं. Red निवडा, रेषेचं खालचं डावं टोक तळावरून उजवीकडे सरकवा. Blue मध्ये वरचं उजवं टोक वरच्या कडेवरून डावीकडे आणा. आकडे दिसत नाहीत, तेव्हा नजर केसांवर आणि पांढऱ्या कापडावर ठेवायची.

बरोबर झालं हे कसं ओळखायचं?

चेहऱ्यावरून ओळखायला जाऊ नका. हळदीच्या दिवशीचा चेहरा पिवळा असतोच, आणि गोरं करण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. लग्नाच्या फोटोत सर्वात प्रामाणिक साक्षीदार म्हणजे हिरवा चुडा. हिरवा रंग पिवळा आणि सायन मिळून होतो. सायन उडाला की बांगड्या तपकिरी दिसतात, तो परत ताणला की त्या हिरव्या होतात. मावशीच्या बांगड्या दुसऱ्या पायरीनंतर शेवाळी झाल्या आणि तिसऱ्या पायरीनंतर हिरव्या.

उलट अष्टपुत्री पिवळीच राहायला हवी. Colors → Auto → White Balance दाबलं तर तीही फिकी पडली, कारण हे बटण प्रत्येक रंग स्वतंत्रपणे दोन्ही टोकांपर्यंत ताणतं. फोटोत किती पिवळं खरं आणि किती डागाचं, हे त्याला कळत नाही. अंतरपाटासारखा खरा पांढरा नसलेल्या फोटोत, समजा संध्याकाळच्या दिव्यातल्या पंगतीत, हे बटण हमखास चुकतं. अशा वेळी त्याच रोलमधला, त्याच पानावरचा दुसरा फोटो आधी नीट करा आणि तेच आकडे इथे लावून बघा. सारख्याच कागदावर, सारख्याच कपाटात राहिलेले फोटो साधारण सारखेच उडालेले असतात.

दुरुस्ती जास्त झाली की सावल्यांमध्ये लाल-हिरवे कण चमकायला लागतात आणि केस निळसर हिरवे होतात. म्हणजे लालचा काळा बाण फार पुढे गेलाय. पाच-सहा आकडे मागे आणा. सायन अगदीच नाममात्र उरलेल्या प्रिंटमध्ये हे कण कितीही केलं तरी राहतात. तिथे थोडी लाली ठेवलेली बरी.

आणि काही गोष्टी परत येतच नाहीत. फिकट रंग मुळातच थोड्याशा रंगावर उभे असतात, त्यातला सायन गेला की मागे मोजण्यासारखं काही उरत नाही. दुरुस्त केलेला फोटो मावशीला पाठवला तेव्हा चुडा बघून ती खूश झाली. मग लिहिलं, "मामाचा शर्ट पांढरा नव्हता रे, आकाशी होता." मी शर्टावरचे आकडे पुन्हा बघितले. अंतरपाटाचे आणि त्याचे जवळजवळ सारखेच होते. ब्रशने निळा भरता आला असता. शर्ट पांढराच ठेवला आणि फाइलच्या नावात "मामाचा शर्ट आकाशी" एवढं जोडलं.