टेकनमध्ये फ्रेम डेटा म्हणजे काय? नवख्याने आधी १० हा आकडा शिकावा

समजा, महाडचा एक मुलगा आणि पोलादपूरचा त्याचा मित्र ऑनलाइन टेकन ८ खेळतायत. पोलादपूरकर उडी मारून लाथ घालतो. खेळाडू या चालीला ‘हॉपकिक’ म्हणतात. महाडकर ती ब्लॉक करतो आणि पुढच्या हल्ल्याची वाट बघत थांबतो. इथेच त्याची संधी हुकते.

फ्रेम म्हणजे किती वेळ?

हा गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. त्यातलं एक चित्र म्हणजे एक फ्रेम. बहुतेक पात्रांचा सर्वांत वेगवान साधा मुक्का, म्हणजे जॅब, दहाव्या फ्रेमला लागतो. म्हणजे बटण दाबल्यापासून साधारण सेकंदाच्या सहाव्या भागात.

उणे १३ चा अर्थ

बहुतेक पात्रांची हॉपकिक ब्लॉक झाली की तिच्यापुढे -13 हा आकडा दिसतो. याचा अर्थ, लाथ मारणारा तुमच्यापेक्षा १३ फ्रेम उशिरा मोकळा होतो. तेवढा वेळ त्याला ब्लॉकही करता येत नाही. तुमचा जॅब १० फ्रेमचा, म्हणजे तुम्ही ३ फ्रेम उशीर केला तरी तो लागणारच. यालाच पनिश करणं म्हणतात.

चाल -9 असेल तर मात्र जॅब पोचायच्या आत समोरचा ब्लॉक करतो. तिथे पनिश नाही, पण पाळी तुमची असते. दोघांनीही जॅब मारला तर तुमचा आधी लागतो. म्हणून १० ही सीमारेषा.

आधी काय शिकायचं?

मोठा कॉम्बो नंतर. आधी आपल्या पात्राची १० फ्रेमची चाल पक्की करा. बहुतेकांची ती डावा मुक्का, लगेच उजवा मुक्का अशी असते. त्यानंतर नेहमी समोर येणाऱ्या दोन-तीन चाली ओळखायला शिका. ३ फ्रेम म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. एवढ्यात विचार करून बटण दाबणं जमत नाही. लाथ येताना दिसली की उत्तर आधीच ठरलेलं हवं.

टेकन ८ च्या सराव मोडमध्ये हे आकडे पडद्यावर दिसतात. डमीला हॉपकिक मारून लगेच ब्लॉक करायला लावा. तुमचा जॅब ब्लॉक झाला तर तुम्हाला उशीर झाला. हवेतच गेला तर अंतर जास्त होतं. अशा वेळी लांब पोचणारी, १३ किंवा कमी फ्रेमची चाल हवी.

खालून आलेला वार बसून ब्लॉक केला, तर हा जॅब चालत नाही. तिथे बसल्या जागेवरून उठताना मारायची वेगळी चाल लागते. ती दुसऱ्या टप्प्यात शिका.

आणि नेट अडखळत असेल, तर अचूक १३ फ्रेमच्या चालीचा हट्ट धरू नका. १० फ्रेमचा जॅब तेवढी उसंत देतो.