पॅटर्न : आकुंचन, ढाळ आणि कोअर प्रिंट

वाळूच्या साच्यात धातू ओतण्याआधी जो फर्मा दाबून पोकळी घडवतात, त्याला ओतशाळेत पॅटर्न म्हणतात. पॅटर्न हव्या त्या भागाची हुबेहूब प्रतिकृती नसतो. धातू थंड होताना आकसतो, पॅटर्न वाळूतून सुटावा लागतो आणि भोकाचा कोअर कुठेतरी टेकावा लागतो; या तिन्ही कारणांनी त्याचे माप आणि आकार मुद्दाम बदललेले असतात.

पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने मोठ्या संख्येने आहेत. अशा कारखान्यात पंपाचा एखादा बुश झिजला की एकदोन नगांसाठी जुनाच तुकडा नमुना म्हणून पुढे येतो. तोच वाळूत दाबून ओतू नये. झिजलेल्या मापातून धातू आणखी आकसतो आणि मशीनिंगला काहीच उरत नाही.

उदाहरणादाखल करड्या बिडाचा एक साधा बुश घेऊ : लांबी १२० मिमी, बाहेरचा व्यास ८० मिमी, भोक ४० मिमी. सगळीकडे ३ मिमी मशीनिंग धरले तर ओतीव १२६ मिमी लांब, ८६ मिमी व्यासाचे आणि ३४ मिमी भोकाचे हवे. करडे बीड सुमारे १ टक्का आकसते, म्हणून पॅटर्न १२७.३ मिमी लांब आणि ८६.९ मिमी व्यासाचा होतो. भोकाच्या बाबतीत नवखे हमखास फसतात. ओतीव आकसताना भोकही लहान होते, त्यामुळे कोअर लहान नव्हे, तर मोठा लागतो : ३४.३ मिमी. ही सूट कोअर बॉक्सलाच द्यावी लागते.

हाच बुश पोलादात ओतायचा असेल तर आकुंचन सुमारे २ टक्के धरतात. पण व्यासावर बिडाच्या आकुंचनाची सूट जेमतेम ०.९ मिमी आहे आणि मशीनिंगची ६ मिमी. त्यामुळे छोट्या भागात टक्केवारीचा थोडासा फरक मशीनिंगमध्ये खपून जातो. मशीनिंग न होणाऱ्या पृष्ठभागावर मात्र तो तसाच राहतो. सागवानी पॅटर्न पावसाळ्यात रेषांच्या आडव्या दिशेने अर्धा टक्का जरी फुगला, तरी ८७ मिमीवर ०.४ मिमी वाढते, म्हणजे आकुंचन सुटीच्या जवळपास निम्मे. कोकणपट्टीच्या दमट हवेत पॅटर्नला चांगले वार्निश द्यावे आणि दरवेळी कॅलिपरने मोजूनच साच्याला घ्यावा.

बुश आडवा ठेवून पॅटर्न मधोमध दुभागला, तर गोल पाठ आपोआप सुटते. अडतात ती दोन सपाट टोके. ती उभ्या भिंतीसारखी वाळूला घासतात, म्हणून त्यांना १.५ अंश ढाळ द्यावा. त्रिज्या ४३.५ मिमी असल्याने विभाजन रेषेवर प्रत्येक टोकाला सुमारे १.१ मिमी वाढते आणि तिथे लांबी १२९.५ मिमी होते. ढाळ नेहमी मापात मिळवावा, वजा करू नये. नाहीतर तळाकडे मशीनिंगची जागा कमी पडते. ढाळ अपुरा असल्याची खूण पॅटर्न उचलतानाच दिसते : कडेची वाळू तुटून येते आणि ओतिवावर त्याच जागी उंचवटा उमटतो.

कोअर प्रिंट म्हणजे पॅटर्नच्या दोन्ही टोकांना जोडलेले दांडे. त्यांनी वाळूत खोबण तयार होते आणि कोअरची टोके त्यात बसतात. आपल्या बुशात धातूत बुडालेला कोअर सुमारे ११८ घन सेंमी आहे. वितळलेले बीड घन सेंमीला सुमारे ७ ग्रॅम धरले तर वर ढकलणारा जोर ८२५ ग्रॅमांच्या आसपास जातो. प्रिंट ३५-३५ मिमी ठेवले तर अख्ख्या कोअरचे वजन सुमारे २९० ग्रॅम. म्हणजे कोअर खाली बसत नाही, अर्ध्या किलोहून थोड्या जास्त जोराने वर उचलला जातो आणि हा भार वरच्या पेटीतील प्रिंट झेलतात. दोन्ही बाजूंना आधार असल्याने दाबून भरलेली वाळू तो सहज सोसते. बंद भोकात कोअर एकाच टोकाला अडकलेला असतो. तिथे प्रिंट लांब आणि जाड करून कोअरचा तोल सावरावा लागतो.

पॅटर्नवरील प्रिंट कोअरपेक्षा थोडा मोठा, इथे ३४.९ मिमी ठेवतात, म्हणजे सभोवती ०.३ मिमी मोकळीक राहते. घट्ट झाला तर कोअर बसवताना वाळू खरडते आणि ती धातूत जाते. फार सैल झाला तर कोअर सरकतो, धातू फटीत शिरतो आणि कोअरमधील वायूची वाट बंद करतो. मग भोकाभोवती फुगे दिसतात. कोअर उचलला गेला की नाही, हे ओतीव साफ केल्यावर दोन्ही टोकांना वर, खाली आणि बाजूंना भिंतीची जाडी मोजून कळते. वरची भिंत दोन्ही टोकांना सारखीच पातळ असेल, तर कोअर उचलला गेला. एकाच टोकाला फरक दिसला, तर त्या बाजूचा प्रिंट किंवा त्याची बैठक तपासावी.