बाथरूममधला गवय्या आणि १८९८ सालचे दोन प्रयोग

आजचा प्रश्न थोडा हलका वाटेल, पण संशोधनाचा प्रश्न कसा सोडवायचा हे शिकायला तो फार चांगला आहे. बाथरूममध्ये आपण मोकळ्या गळ्याने गातो. तेच गाणं चार पाहुण्यांसमोर "गा ना काहीतरी" म्हटलं की घशात अडकतं. असं का होतं?

बहुतेक जण एका शब्दात उत्तर देतात : लाज. पण या उत्तरात एक अडचण आहे. बाथरूम आणि दिवाणखाना यांत फक्त माणसांचा फरक नाही, खोलीचाही फरक आहे. म्हणजे आपण एकदम दोन गोष्टी बदलतो आणि परिणामाचं श्रेय एकीलाच देतो. या दोन गोष्टींचा अभ्यास दोन वेगळ्या विषयांत झाला आणि योगायोग असा की दोन्हीकडे महत्त्वाचं वर्ष एकच आहे, १८९८. आपण आधी खोलीकडे जाऊ.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह निरुपयोगी ठरलं होतं. फॉग आर्ट म्युझियममधल्या या सभागृहात वक्त्याचा एक शब्द विरायच्या आत पुढची बारा-पंधरा अक्षरं त्यात मिसळायची. हे दुरुस्त करायचं काम वॉलेस सबाइन या भौतिकशास्त्राच्या तरुण प्राध्यापकाकडे आलं. त्याचं साहित्य अगदी साधं होतं : ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचं यंत्र आणि स्वतःचे कान. नळीचा आवाज बंद केल्यावर तो ऐकू येईनासा व्हायला किती वेळ लागतो, एवढंच तो मोजायचा. रिकाम्या सभागृहात हा वेळ साडेपाच सेकंदांच्या आसपास यायचा. मग तो जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या आणून मांडायचा आणि पुन्हा मोजायचा. गाद्या वाढल्या की वेळ कमी व्हायचा. हे सगळं मध्यरात्रीनंतर, बाहेर शांतता असताना चालायचं.

या कामातली एक गोष्ट प्रत्येक संशोधकाने लक्षात ठेवावी अशी आहे. काही महिन्यांची निरीक्षणं जुळेनात, तेव्हा सबाइनच्या लक्षात आलं की खोलीत उभा असलेला तो स्वतःही आवाज शोषतोय, आणि रोजचे कपडे बदलले की शोषणही बदलतंय. त्याने तीन हजारांहून अधिक निरीक्षणं बाजूला ठेवली आणि पुढे प्रत्येक वेळी तेच कपडे घालून मोजमाप केलं.

१८९८ मध्ये त्याला सूत्र सापडलं. आजच्या मापांत ते असं : खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा. उत्तर सेकंदांत येतं. यालाच निनादकाल म्हणतात, म्हणजे आवाज बंद झाल्यावर तो ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ. शोषण मोजायचं एकक सबाइनने फार छान निवडलं : उघडी खिडकी. एक चौरस मीटर उघड्या खिडकीवर पडलेला आवाज परत येत नाही, म्हणून तिचं शोषण एक.

आता हे सूत्र आपल्या बाथरूमला लावून बघू. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब, अडीच मीटर उंच अशी बाथरूम घ्या. घनफळ झालं ७.५ घनमीटर. भिंती, जमीन आणि छत मिळून साधारण २३.५ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. चकचकीत टाइल्स आवाजाचा जेमतेम दोन टक्के भाग शोषतात, छतही तसंच कडक धरू. म्हणजे एकूण शोषण झालं अर्धा चौरस मीटर. ७.५ गुणिले ०.१६१ म्हणजे १.२, भागिले ०.५. उत्तर येतं २.४ सेकंद. एवढ्याशा खोलीत मोठ्या सभागृहाएवढा निनाद!

पण थांबा, आत तुम्हीही आहात. एका माणसाचं शोषण सुमारे ०.४ धरू. आता भागाकार ०.९ ने होईल आणि निनादकाल १.३ सेकंदांवर येईल. टॉवेल, दार, झरोका यांनी आणखी थोडा कमी होईल. आता तुमची झोपायची खोली घ्या : घनफळ साधारण २९ घनमीटर, पण गादी, पडदे, कपड्यांचा ढीग मिळून शोषण १२ चौरस मीटर धरू. उत्तर येतं ०.४ सेकंद. म्हणजे बाथरूमच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

गाणाऱ्याला याचा काय फायदा? एक म्हणजे आवाज कमी कष्टात मोठा ऐकू येतो, कारण भिंती तो परत करतात. दुसरं, आधीचा सूर विरायच्या आत पुढचा त्यात मिसळतो, त्यामुळे दोन सुरांमधली छोटी थरथर आणि तुटलेला श्वास झाकला जातो. वर नळाच्या पाण्याचा आवाज बारीकसारीक चुका गिळून टाकतो.

सबाइनच्या सूत्राला इथे एक मर्यादा आहे. आवाज खोलीभर सारखा पसरतो असं ते गृहीत धरतं, आणि लहान खोलीत खालच्या सुरांना हे लागू होत नाही. तिथे भिंतींच्या अंतरात नेमके बसणारे सूरच जास्त घुमतात. आपल्या बाथरूमच्या दीड मीटर अंतरात बसणारा सूर ११५ हर्ट्झच्या आसपास आहे, म्हणजे पुरुषाच्या खालच्या पट्टीतला. स्वतः करून पाहा : 'आ' लावून सूर हळूहळू खालून वर न्या. एका ठिकाणी खोली अचानक साथ देते आणि लगेच पुढे गप्प होते. आपण नकळत तिथेच रेंगाळतो. म्हणजे बाथरूम तुमचा आवाज खरोखरच बरा करून तुम्हाला ऐकवते, तो निव्वळ भ्रम नाही.

आता माणसांकडे वळू. त्याच १८९८ साली अमेरिकेत नॉर्मन ट्रिपलेट याचा एक निबंध प्रसिद्ध झाला. सायकल शर्यतींच्या नोंदींत त्याला दिसलं होतं की एकट्याने चालवणाऱ्यापेक्षा सोबत कुणी असलेला स्वार जास्त वेगात जातो. मग त्याने ४० मुलांना मासेमारीच्या गळाची रीळ गुंडाळायला लावली, कधी एकट्याने, कधी दुसऱ्या मुलासोबत. २० मुलं जोडीने भरभर गुंडाळू लागली, १० जणांत फारसा फरक पडला नाही आणि १० मुलं चक्क मंदावली. पाठ्यपुस्तकांत पहिल्या वीसच मुलांची गोष्ट सांगतात. २००५ मध्ये मायकेल स्ट्रूब यांनी जुनी आकडेवारी आजच्या पद्धतीने तपासली, तेव्हा परिणाम अगदीच क्षीण निघाला. आपल्यासाठी मात्र त्या शेवटच्या दहा मुलांचा प्रश्न मोलाचा आहे : सोबतीने काही जण बिघडतात, ते का?

याचं नीट उत्तर १९६५ मध्ये रॉबर्ट झायन्स यांनी दिलं. त्यांचं म्हणणं असं की दुसऱ्याच्या हजेरीने शरीर चेतवलं जातं, आणि चेतवलेल्या शरीरातून जी सवय सगळ्यात पक्की असते तीच बाहेर पडते. काम हातात बसलेलं असेल तर पक्की सवय बरोबर असते, म्हणून ते सुधारतं. काम कच्चं असेल तर पक्की सवय चुकीची असते, म्हणून ते बिघडतं. १९६९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे चक्क झुरळांवर करून दाखवलं. प्रकाशापासून पळायला सरळ रस्ता असेल तर इतर झुरळं 'बघत' असताना झुरळ जास्त वेगाने पळालं. वळणाच्या रस्त्यावर मात्र त्याला जास्त वेळ लागला.

आता झुरळाला कसली आलीये लाज? हाच आक्षेप वेगळ्या शब्दांत निकोलस कॉट्रेल यांनी घेतला. १९६८ च्या प्रयोगात त्यांनी लोकांना निरर्थक शब्द उच्चारायला दिले. काही शब्द आधी खूप घोटलेले, काही फारसे न घोटलेले. डोळे उघडे असलेले प्रेक्षक समोर असताना झायन्स यांनी सांगितलेला परिणाम दिसला. पण त्याच खोलीत डोळ्यांवर पट्टी बांधलेली माणसं बसवली, तेव्हा परिणाम जवळपास एकट्याने बोलल्यासारखाच आला. म्हणजे माणसाच्या बाबतीत नुसतं कुणी असणं पुरेसं नाही, ते आपल्याला जोखू शकतात ही जाणीव लागते. पुढे १९७८ मध्ये हेझेल मार्कस यांना दिसलं की पाठ करून आपल्या कामात गुंतलेला माणूस खोलीत असला तरी ओळखीचे कपडे चढवणं-उतरवणं थोडं वेगाने होतं आणि अनोळखी कपडे घालताना गडबड वाढते. त्यामुळे दोन्ही बाजूंत थोडं तथ्य आहे असं मानायला जागा आहे.

हे सगळं गाण्याला लावून बघा. ज्याचा रियाझ झालाय त्याची पक्की सवय म्हणजे योग्य सूर, म्हणून बैठक रंगली की तो खुलतो. आपली पक्की सवय काय? घसा आवळणं, श्वास वर ओढणं आणि घाईत मिळेल त्या पट्टीत सुरुवात करणं. मुखडा उंच लागतो आणि अंतऱ्याला गाडी अडते. बाथरूममध्ये पट्टी आपली, ओळ आपली, अडलं तर गुणगुणून पुढे जायची सोय. वर झाकून घेणारा निनाद गेलेला असतो, त्यामुळे आपला खराखुरा कोरडा आवाज आपल्यालाच ऐकू येतो, तोही नेमका लोक जोखत असताना. लाज खरी असते, पण तिला खायला घालणारी चूकही त्याच क्षणी खरोखर वाढलेली असते.

मात्र इथे सावध राहा. ट्रिपलेट, झायन्स, कॉट्रेल यांनी गाणं तपासलेलं नाही. वरची जोडणी हे अनुमान आहे. ते तपासायचं तर साधा आराखडा सुचतो : टाइल्सची खोली आणि गाद्यांची खोली, एकटा आणि श्रोत्यासह, अशा चार स्थिती. पण यात एक सापळा आहे, तो सापडला का? आपल्या बाथरूममध्ये दुसरा माणूस उभा करा. शोषण ०.९ वरून १.३ होईल आणि निनादकाल १.३ सेकंदांवरून ०.९ वर येईल. तुम्ही श्रोता आणलात आणि नकळत खोलीही बदललीत. गाणं बिघडलं तर दोष नजरेचा की निनाद कमी झाल्याचा, हे सांगता येणार नाही. यावर उपाय दोन : एकट्याच्या स्थितीत माणसाइतकं शोषण करणारी गादी ठेवायची, किंवा गाणाऱ्याला बंद हेडफोन लावून चारही स्थितींत एकच निनाद ऐकवायचा. मी दुसरा निवडेन, कारण त्यात निनाद हवा तेवढा कमी-जास्त करता येतो. आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या श्रोत्याची पाचवी स्थितीही घालेन, मात्र गाण्याचा श्रोता डोळ्यांनी नाही, कानांनी जोखतो. त्यामुळे त्या स्थितीत पट्टी कुठे बांधायची, हे आराखडा लिहिण्याआधी तुम्हीच ठरवा.