तुळईवरचे पीठ

पिठाच्या डब्यात जळती काडी टाकली तर काय होते? काडी विझते. फार तर पिठाला करपट वास येतो. त्यामुळे पीठ फुटते, आणि एवढे फुटते की सात मजली दगडी इमारत जमीनदोस्त होते, हे सहजी पटत नाही. ज्यांच्या शहरात हे घडले त्यांनाही आधी पटले नव्हते.

सगळ्यात जुनी तपशीलवार नोंद इटलीतल्या तुरीन शहराची आहे. 14 डिसेंबर 1785. जियाकोमेल्ली नावाच्या पाववाल्याच्या कोठारात संध्याकाळी एक पोरगा दिव्याच्या उजेडात पीठ उपसत होता. वरच्या खोलीतल्या पिठाचा एक मोठा ढीग घसरून खाली आला, खोलीभर पांढरा धुरळा उडाला आणि दिव्याला भिडला. खिडक्यांच्या चौकटी रस्त्यावर जाऊन पडल्या, पोराचा चेहरा आणि हात भाजले. काउंट मोरोझ्झो या गृहस्थांनी जाऊन चौकशी केली आणि लिहून ठेवली. त्यांनी टिपलेली एक गोष्ट फार मोलाची आहे : त्या वर्षी कित्येक महिने पाऊस नव्हता, आणि पीठ नेहमीपेक्षा कोरडे होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

आता अमेरिकेत मिनिआपोलिसला जाऊ. मिसिसिपी नदीच्या धबधब्यावर तिथे पिठाच्या गिरण्यांची रांगच उभी होती. त्यातली सर्वांत मोठी 'वॉशबर्न ए', 1874 मध्ये बांधलेली. मालक कॅडवॉलडर वॉशबर्न, विस्कॉन्सिन राज्याचे माजी गव्हर्नर. त्या भागातला गहू कडक. त्याचा कोंडा दळताना फुटतो आणि पिठात मिसळतो, म्हणून पीठ काळपट निघे आणि भावही कमी मिळे. त्यावर 1870 च्या सुमारास एक यंत्र आले. रवा चाळणीवरून सरकत असताना त्यातून हवा सोडायची, म्हणजे हलका कोंडा उडून जातो आणि शुद्ध रवा खाली राहतो. तो परत दळला की शुभ्र पीठ. या यंत्राने शहर श्रीमंत झाले. पण त्या हवेबरोबर बारीक पीठही उडे. ते गिरणीतल्याच बंद खोल्यांत साठे, आणि जे निसटे ते मजल्यामजल्यावर, तुळयांवर, पट्ट्यांच्या चाकांवर बसे. गिरणी जितकी उत्तम चाले तितकी धूळ जास्त.

2 मे 1878 ला संध्याकाळी सातच्या सुमारास, दिवसपाळी घरी गेल्यावर, गिरणी उडाली. आत रात्रपाळीचे 14 जण होते, एकही वाचला नाही. शेजारच्या गिरण्याही लागोपाठ उडाल्या आणि आणखी 4 जण गेले. एकूण 18. आवाज सुमारे 16 किलोमीटरवरच्या सेंट पॉल शहरात ऐकू गेला. सातची वेळ होती म्हणून 18. तासभर आधी झाले असते तर दिवसपाळीची माणसेही आत असती.

चौकशीत मिनेसोटा विद्यापीठाचे पेकहॅम आणि पेक या दोन प्राध्यापकांनी साक्ष दिली. पेक यांचे प्रयोग साधे होते. लाकडी पेटी, आत दिवा, बाजूला भोक आणि त्यातून भात्याने फुंकलेले मूठभर पीठ. झाकणावर माणूस उभा केला तरी झाकण उचलले जाई. ढिगातले पीठ का जळत नाही आणि हवेतले का फुटते, याचे उत्तर त्या पेटीत होते. ढिगात हवा फक्त वरच्या थराला मिळते. उडालेल्या पिठात कणाकणाभोवती हवा असते, एक कण पेटला की शेजारचा पेटतो, आणि हे सगळे क्षणार्धात होते. मोकळ्या जागी तो नुसता भडका असतो. चार भिंतींत तापलेली हवा फुगते आणि भिंती ढकलते.

ठिणगीचे मूळ त्यांनी दळणाऱ्या दगडांत शोधले. दगडांमधला माल संपला आणि दगड तसेच फिरत राहिले की दगडावर दगड घासतो आणि ठिणग्या झडतात. जात्यावर दळणाऱ्या बायकांनाही माहीत असते की रिकामे जाते ओढायचे नसते.

पण ठिणगी हे अर्धेच उत्तर झाले, आणि माझ्या मते कमी महत्त्वाचे अर्धे. एका दगडाजवळ भडका उडाला तर तो दगड आणि फार तर ती खोली जायला हवी. सबंध गिरणी कशी जाते? त्यासाठी थोडा हिशेब करू.

हवेत पीठ किती असले की ते फुटू शकते? साधारण एका घनमीटरला 50 ते 60 ग्रॅमच्या पुढे. हे ऐकायला थोडे वाटते, पण तो ढग इतका दाट असतो की दोन हातांवरचा दिवा दिसणार नाही. त्यात माणूस श्वासच घेऊ शकत नाही. म्हणजे चालू गिरणीत, जिथे माणसे काम करत आहेत, तिथली हवा कितीही धुळकट असली तरी सहसा फुटण्याइतकी दाट नसते. तशी दाट हवा फक्त यंत्रांच्या पोटात असते : धान्य वर नेणाऱ्या बादल्यांच्या बंद खोक्यात, नळांत, धूळखोल्यांत.

आता जमिनीवर आणि तुळयांवर बसलेल्या पिठाकडे पाहू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटरचा थर म्हणजे एक लिटर पीठ, वजनाने सुमारे अर्धा किलो. मजल्याची उंची 5 मीटर धरली तर त्या चौरस मीटरवर 5 घनमीटर हवा आहे. थर सगळा उडाला तर घनमीटरला 100 ग्रॅम, म्हणजे फुटायला लागते त्याच्या जवळजवळ दुप्पट. एक मिलिमीटर! तेवढ्या धुळीवर बोटाने नाव लिहिता येते, पण ती कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

मग असे घडते. पहिला भडका कुठल्यातरी यंत्राच्या पोटात होतो, बहुधा लहानच. यंत्र फुटते, त्याचा दणका इमारतीला बसतो आणि तुळया, कोनाडे, पाइप, दिव्यांच्या टोप्या यांवर महिनोन् महिने बसलेले पीठ झटकन हवेत येते. मागून ज्वाळा येतेच. दुसरा स्फोट पहिल्याच्या कितीतरी पट मोठा होतो. तो पुढच्या मजल्यावरचे पीठ उडवतो, मग तिसरा. मिनिआपोलिसमध्ये लोकांनी एकामागून एक आवाज ऐकले, त्याचा अर्थ हा. माणसे मारते ती मुख्यतः या बसलेल्या धुळीची साखळी.

वॉशबर्न यांनी गिरणी पुन्हा बांधली, 1880 पर्यंत ती उभीही राहिली. त्यासाठी विल्यम द ला बार हा ऑस्ट्रियाहून आलेला इंजिनिअर त्यांनी ठेवला. तो मुळात दगडांजवळची धूळ ओढून घेणारे यंत्र विकायला आला होता. दगडांच्या जागी पोलादी रूळ आले आणि धूळ जिथे तयार होते तिथेच ओढून घ्यायची पद्धत रूढ झाली. झाडू मारण्याआधीची पायरी ही आहे : धूळ बाहेर सांडूच न देणे. सांध्यातून रोज पीठ गळते आणि रोज झाडले जाते, तिथे झाडणाऱ्याला शाबासकी देण्यापेक्षा सांधा बसवणारा बोलवावा.

तुम्ही म्हणाल, ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तर आता लाकडाकडे या. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 20 जानेवारी 2012 च्या रात्री बर्न्स लेक इथली बाबीन सॉ मिल उडाली. 2 कामगार गेले, 20 जखमी झाले. तीन महिने झाले आणि 23 एप्रिलला प्रिन्स जॉर्जची लेकलँड मिल उडाली. पुन्हा 2 मृत्यू, 22 जखमी.

सॉ मिलचा भुसा एरवी फुटत नाही, कारण ओल्या लाकडाचा भुसा जाड आणि दमट असतो. पण त्या प्रांतात एका भुंग्याने पाइनची जंगलेच्या जंगले मारली होती. उभ्या उभ्या वाळलेले ते लाकूड वाया जाऊ नये म्हणून गिरण्या तेच कापत होत्या. वाळलेल्या लाकडाची पूड बारीक आणि कोरडी. त्यात जानेवारीची थंडी, हवेत ओलावा जवळपास नाही. तुरीनच्या कोरड्या पिठाची आठवण इथे होते. दोन्ही गिरण्यांच्या चौकशीत आगीचे मूळ सापडले ते यंत्रांच्या गिअरबॉक्सजवळ घर्षणाने तापलेल्या भागात, भुशाच्या गराड्यात. कच्चा माल बदलला होता, पण झाडण्याची सवय ओल्या लाकडाच्या काळातलीच राहिली होती. बाबीनमध्ये त्याआधी, फेब्रुवारी 2011 मध्ये, एक लहान भडका उडालाही होता.

सफाईच्या सवयींत सर्वांत वाईट म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवणे. काम झटपट होते, पाळी संपता संपता यंत्र चकचकीत दिसते, आणि तीच धूळ तुळईवर जाऊन बसते. शिवाय उडवताना आपण स्वतःच तो ढग करत असतो, शेजारी मोटर गरम असताना. त्याऐवजी धुळीसाठी बनवलेला, ठिणगी न पडणारा व्हॅक्यूम वापरावा. तो नसेल तर मऊ झाडूने, हळू, यंत्रे बंद करून. सुरुवात नेहमी वरून करावी, कारण बारीक धूळ तिथेच असते. खाली पडते ती जाडी. लाकडासाठी सुमारे 3 मिलिमीटरचा थर ही धोक्याची रेघ मानली जाते, पिठासारख्या बारीक धुळीसाठी एक मिलिमीटरहूनही कमी. मोजपट्टी नको. तुळईचा मूळ रंग दिसत नसेल तर उशीर झाला आहे. जिथे शिडी लावल्याशिवाय हात पोहोचत नाही अशा सपाट कडांवर उतरते पत्रे बसवतात, म्हणजे धूळ बसतच नाही.

एवढे केले तरी यंत्राच्या पोटातला पहिला भडका थांबत नाही. त्यासाठी लोहचुंबक लावून धान्यातले खिळे काढावे लागतात, बेअरिंगचे तापमान पाहावे लागते, तिरका पळणारा पट्टा वेळीच सरळ करावा लागतो, आणि दाब बाहेर सोडणारी कमजोर झडप ठेवावी लागते. सफाईने एवढेच होते की तो भडका यंत्रातच संपतो.

आपल्या गल्लीतल्या चक्कीबद्दल कोणी विचारेल. तिची एक बाजू रस्त्याला उघडी असते, माल थोडा असतो आणि मजले नसतात, म्हणून दुसऱ्या स्फोटाची साखळी तिथे सहसा जमत नाही. आग मात्र लागू शकते. मैद्याच्या मोठ्या रोलर मिल, प्लायवूडचे कारखाने, बंद शेडमधली सुतारकामाची यंत्रे यांची गोष्ट वेगळी. तिथे वर बघावे.

बर्न्स लेकची मिल पुन्हा बांधून 2014 मध्ये सुरू झाली. मिनिआपोलिसच्या वॉशबर्न ए गिरणीच्या भग्न भिंतींत आता संग्रहालय आहे.